एलिफंट पासचे तीन धडे : गनिमी काव्याचे बळ आणि त्याची मर्यादा

श्रीलंकेच्या लष्कराने ९ जानेवारी २००९ रोजी एलिफंट पास पुन्हा ताब्यात घेतला, तेव्हा तेथे म्हणावी तशी लढाई झालीच नाही. ज्या ठाण्यासाठी 'लिट्टे'ने नऊ वर्षांपूर्वी आपले शेकडो लढवय्ये गमावले होते, ते ठाणे तिने जवळपास विनाप्रतिकार सोडले. त्यानंतर साडेचार महिन्यांत संघटनेचा म्होरक्या वेलुपिल्लई प्रभाकरन मारला गेला आणि पाव शतकाहून अधिक काळ चाललेले युद्ध संपले.

जाफना द्वीपकल्पाला उर्वरित श्रीलंकेशी जोडणारी एलिफंट पासची पट्टी अतिशय चिंचोळी आहे. दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्याची उथळ सरोवरे, मधून जाणारा ए-९ महामार्ग आणि भोवती झाडोरा नसलेली सपाट खारवट जमीन, असे या जागेचे रूप आहे. ही पट्टी ज्याच्या हाती, त्याच्या हाती जाफन्याचा भूमार्ग. १९९१, २००० आणि २००९ अशा तीन वेळा या एकाच जागेचा निकाल लागला आणि तिन्ही वेळा तो वेगळा लागला. दुर्बल सेना बलाढ्य सेनेला कशी झुंजवते आणि ती कोठे फसते, याचे उत्तर या तीन प्रसंगांत मिळते.

दुर्बलाचे बळ कशात असते?

'लिट्टे'च्या युद्धाची सुरुवात एका छोट्या हल्ल्याने झाली. २३ जुलै १९८३ च्या रात्री जाफन्याजवळच्या तिरुनेलवेली येथे लष्कराची गस्ती तुकडी एक जीप आणि एक ट्रक घेऊन निघाली होती. रस्त्यात पेरलेला सुरुंग जीपखाली उडवण्यात आला आणि दबा धरून बसलेल्यांनी लगेच गोळीबार सुरू केला. पंधरा जणांच्या त्या तुकडीतील तेरा सैनिक ठार झाले. हल्लेखोर काही मिनिटांत अंधारात नाहीसे झाले. पाठोपाठ कोलंबोत तमिळविरोधी दंगलींचा आगडोंब उसळला आणि त्या दंगलींनी संघटनेला हजारो नवे तरुण मिळवून दिले.

या एका घटनेत गनिमी युद्धाचे सारे गणित आहे. देशभराचा हिशेब केला तर लष्कर कित्येक पटींनी मोठे होते. परंतु त्या रस्त्यावर, त्या पाच-दहा मिनिटांत, हल्लेखोरांचीच संख्या आणि तयारी अधिक होती. वेळ आणि जागा निवडण्याचा अधिकार ज्याच्याकडे असतो, त्याला एकूण संख्याबळाची फिकीर करावी लागत नाही. दुसरी गोष्ट अशी की, गनिमाला राखण्यासारखे काही नसते. लष्कराला मात्र प्रत्येक पूल, रस्ता, ठाणे आणि रसदीचा ताफा राखावा लागतो. सैन्य जितके मोठे, तितकी त्याची रसद मोठी आणि तितकेच तिच्या रक्षणासाठी गुंतून पडणारे सैनिकही अधिक. अशा रीतीने मोठ्या सैन्याचे आकारमानच त्याच्यावर ओझे होऊन बसते. समोरासमोरच्या लढाईत नेमके उलट घडते. तेथे दोन्ही बाजू एकाच जागी, एकाच वेळी आपले सारे बळ आणतात आणि ज्याच्याकडे तोफा, विमाने व माणसे अधिक, त्याचे पारडे जड होते.

भारतीय शांतिसेनेने याचा कटू अनुभव घेतला. ऑक्टोबर १९८७ मध्ये शांतिसेनेने जाफना शहरावर मोहीम उघडली. पहिल्याच टप्प्यात जाफना विद्यापीठाच्या आवारात हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांच्या तुकडीतील एकोणतीस जवान ठार झाले. तरीही जाफना पडले, कारण शहर धरून ठेवणे ही समोरासमोरची लढाई होती आणि ती 'लिट्टे'ला झेपणारी नव्हती. प्रभाकरनने त्या वेळी शहाणपणाचा निर्णय घेतला. त्याने शहर सोडले आणि तो आपल्या माणसांसह वन्नीच्या जंगलात शिरला. पुढची जवळजवळ अडीच वर्षे शांतिसेना त्या जंगलांत त्याचा माग काढत राहिली. मार्च १९९० मध्ये ती परतली, तेव्हा सुमारे बाराशे भारतीय जवानांचे प्राण गेले होते.

मात्र शांतिसेनेच्या माघारीचे श्रेय केवळ जंगलातल्या डावपेचांना देणे चूक ठरेल. भारतीय सैन्य आपल्या भूमीतून जावे म्हणून श्रीलंकेचे तत्कालीन अध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांच्या सरकारनेच 'लिट्टे'ला शस्त्रे पुरवली होती. त्यापूर्वीच्या काळात तमिळनाडूत संघटनेला आसरा आणि प्रशिक्षण मिळाले होते. गनिमाला जंगल लागते, तसा बाहेरचा आधारही लागतो. हा आधार तुटला की काय होते, हे पुढे दिसणार होते.

पहिला प्रसंग : १९९१ चा पराभव

शांतिसेना गेल्यावर जाफना 'लिट्टे'च्या ताब्यात आले आणि संघटनेला नियमित सैन्यासारखे लढण्याचे वेध लागले. जुलै १९९१ मध्ये तिने एलिफंट पासच्या ठाण्याला वेढा घातला. ठाण्यात अवघे आठशेच्या आसपास सैनिक होते आणि वेढा घालणारे त्यांच्या कितीतरी पट. कागदावर निकाल ठरलेलाच होता.

प्रत्यक्षात हल्लेखोरांना उघड्या, सपाट जमिनीवरून पुढे सरकावे लागले. आडोशासाठी त्यांनी बुलडोझरांना पोलादी पत्रे ठोकून चिलखती वाहने तयार केली. असा एक बुलडोझर ठाण्याच्या संरक्षक फळीवर चालून आला, तेव्हा गामिणी कुलरत्ने या लान्स कॉर्पोरलने त्यावर चढून हातबॉम्ब टाकले आणि स्वतःचा जीव देऊन तो निकामी केला. दरम्यान लष्कराने पूर्व किनाऱ्यावर वेट्टिलैकेर्णी येथे समुद्रमार्गे मोठी कुमक उतरवली. ही कुमक लढत लढत ठाण्यापर्यंत पोहोचली आणि ऑगस्टच्या आरंभी वेढा उठला. 'लिट्टे'ने स्वतःच्या पाचशेहून अधिक लढवय्यांचे मृत्यू मान्य केले.

येथे संघटनेने आपले सारे नैसर्गिक फायदे सोडून दिले होते. वेळ निवडली, पण जागा शत्रूची होती. शिवाय हल्ला आठवड्यांवर लांबल्यामुळे शत्रूला कुमक आणण्यास पुरेसा अवधी मिळाला. गनिमी हल्ला शत्रूची मदत येण्याआधी संपावा लागतो. तो लांबला की त्याचे रूपांतर वेढ्यात होते आणि वेढा हे बलवानाचे हत्यार आहे.

दुसरा प्रसंग : २००० चा विजय

पुढच्या नऊ वर्षांत 'लिट्टे' बरेच काही शिकली. १९९५ मध्ये लष्कराने जाफना जिंकले, तेव्हा संघटनेने शेवटपर्यंत झुंजण्याऐवजी पुन्हा वन्नी गाठले. जुलै १९९६ मध्ये मुल्लैतिवूचा लष्करी तळ तिने एका झपाट्यात उद्ध्वस्त केला. त्यात अकराशेहून अधिक सैनिक मारले गेले आणि तोफाही तिच्या हाती लागल्या. १९९७ च्या मे महिन्यात सरकारने वावुनियापासून उत्तरेकडे ए-९ महामार्ग मोकळा करण्याची मोठी मोहीम हाती घेतली. दीड वर्षाहून अधिक काळ लष्कर एकेक गाव घेत पुढे सरकले, आणि जितके पुढे गेले तितकी त्याची फळी लांबट व पातळ होत गेली. नोव्हेंबर १९९९ मध्ये 'लिट्टे'ने या पातळ फळीवर निवडक ठिकाणी घाव घातले. एक ठाणे पडले की शेजारचे ठाणे आपोआप उघडे पडे. दीड वर्षात मिळवलेला मुलूख लष्कराने काही दिवसांत गमावला.

त्यानंतर पाळी आली एलिफंट पासची. या वेळी ठाण्यात आणि भोवतालच्या चौक्यांत हजारो सैनिक होते, रणगाडे होते, तोफा होत्या. 'लिट्टे'ने ठाण्याच्या तटबंदीवर धडक देण्याचा मोह टाळला. मार्च २००० च्या अखेरीस बलराज या सेनानीच्या नेतृत्वाखालील तुकड्या रात्री समुद्रमार्गे ठाण्याच्या पिछाडीला उतरल्या आणि त्यांनी जाफन्याकडून येणारा महामार्गच अडवला. ठाण्याची रसद याच वाटेने येत असे. लष्कराने रणगाड्यांनिशी ही पाचर उखडण्याचा वारंवार प्रयत्न केला, पण ती निघाली नाही.

निर्णायक ठरले ते पाणी. एलिफंट पासभोवतीची जमीन खारवट असल्याने ठाण्याचे पिण्याचे पाणी उत्तरेकडील इयक्कच्ची येथील विहिरींवर अवलंबून होते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात इयक्कच्ची पडली. तहानेने व्याकूळ झालेल्या सैन्याला माघारीचा आदेश द्यावा लागला आणि २२ एप्रिल २००० रोजी एलिफंट पास 'लिट्टे'च्या हाती आले. नऊ वर्षांपूर्वी आठशे सैनिकांनी टिकवलेले ठाणे हजारोंना टिकवता आले नाही. आधी रसद तोडायची आणि मग सैन्य, हा गनिमी युद्धाचा क्रम येथे मोठ्या प्रमाणावर अमलात आला होता. मराठी वाचकाला येथे पानिपत आठवल्यावाचून राहणार नाही. १७६० च्या डिसेंबरात अब्दालीच्या स्वारांनी गोविंदपंत बुंदेल्यांना गाठून मारले, मराठ्यांच्या छावणीची रसद आटली आणि १४ जानेवारी १७६१ ची लढाई उपाशी सैन्याला लढावी लागली. गनिमी काव्याने वाढलेल्या मराठ्यांवर तेथे त्यांचेच तंत्र उलटले होते.

मुलूख आला, सीमा आली

एलिफंट पासच्या विजयाने 'लिट्टे' सामर्थ्याच्या शिखरावर पोहोचली आणि तेथूनच तिची अडचण सुरू झाली. फेब्रुवारी २००२ मध्ये युद्धबंदी झाली, तेव्हा वन्नीचा मोठा मुलूख तिच्या ताब्यात होता. किलिनोच्ची ही जणू राजधानी बनली. तेथे संघटनेची न्यायालये, पोलिस आणि बँक होती. ए-९ महामार्गावरील नाक्यावर मालावर कर वसूल केला जाई.

हे सारे अपरिहार्य होते. संघटनेचे ध्येय स्वतंत्र तमिळ ईलम हे होते आणि जंगलातून निसटत राहून राष्ट्र उभे राहत नाही. जगापुढे राष्ट्र म्हणून उभे राहायचे तर भूमी दाखवावी लागते, आणि भूमी दाखवली की ती राखावी लागते. ज्या क्षणी 'लिट्टे'ला राखण्यासारखे काही मिळाले, त्या क्षणी तिचा मोठा फायदा गेला. आता पूल, रस्ते, कार्यालये आणि सीमा तिच्याही होत्या. हल्ल्याची जागा ठरवण्याचा अधिकार हळूहळू लष्कराकडे सरकला.

बाहेरचा आधारही याच काळात आटत गेला. मे १९९१ मधील राजीव गांधी यांच्या हत्येनंतर तमिळनाडूतील आसरा संपला होता आणि १९९२ मध्ये भारताने संघटनेवर बंदी घातली होती. ११ सप्टेंबर २००१ नंतर पाश्चात्त्य देशांत निधी उभारणे अवघड होत गेले. मार्च २००४ मध्ये पूर्व भागाचा सेनानी करुणा फुटला आणि त्याच्यासोबत पूर्वेकडील भरतीचे मोठे क्षेत्र गेले.

तिसरा प्रसंग : भूमिकांची अदलाबदल

२००६ च्या जुलैत पूर्वेकडील माविल आरू येथील पाटबंधाऱ्याचे दरवाजे 'लिट्टे'ने बंद केले आणि त्यावरून अखेरच्या युद्धाला तोंड फुटले. तोवर श्रीलंकेचे लष्कर बदलले होते. लष्करप्रमुख सरथ फोन्सेका आणि संरक्षण सचिव गोटाबाय राजपक्षे यांनी मोठी सैन्यभरती केली. पण संख्येपेक्षा महत्त्वाचा ठरला तो पद्धतीतला बदल. महामार्गावरून रणगाड्यांची रांग पुढे नेण्याची जुनी पद्धत सोडून देण्यात आली. आठ-आठ जणांच्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या तुकड्या जंगलातून अनेक बाजूंनी एकाच वेळी पुढे सरकू लागल्या. या तुकड्या 'लिट्टे'च्या चौक्यांमधील फटींतून आत शिरत, तोफांना नेमके लक्ष्य सांगत आणि पुढची फळी मागून पोखरत. त्याहून खोलवर जाणाऱ्या पथकांनी संघटनेचे सेनानी तिच्याच प्रदेशात सुरुंगांनी टिपले. संघटनेच्या लष्करी गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख चार्ल्स जानेवारी २००८ मध्ये असाच मारला गेला.

समुद्रावरही हेच घडले. 'लिट्टे'ची शस्त्रे मोठ्या जहाजांतून येत. ही जहाजे किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर थांबत आणि माल छोट्या होड्यांतून आणला जाई. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २००७ मध्ये नौदलाने खोल समुद्रात जाऊन अशी चार जहाजे बुडवली. संघटनेची रसद तुटली ती किनाऱ्यावर नव्हे, तर भर महासागरात.

आणि 'लिट्टे' काय करत होती? ती मातीचे बांध घालत होती. पश्चिम किनाऱ्यावरील नाचिकुडापासून अक्करायनपर्यंत तिने उंच बांध आणि त्यापुढे खंदक उभारला. पावसाळ्यात या बांधाने लष्कराला काही आठवडे खरोखर रोखले. परंतु लांबलचक बांध राखायला सर्वत्र माणसे लागतात आणि तो फोडायला एकच जागा पुरते. १९९९ मध्ये लष्कराची जी गत झाली होती, तीच आता 'लिट्टे'ची झाली. फळी फाटत गेली, नोव्हेंबर २००८ मध्ये पूनेरीन पडले आणि २ जानेवारी २००९ रोजी किलिनोच्ची. त्यानंतर एलिफंट पासच्या ठाण्याला दोन्ही बाजूंनी धोका निर्माण झाला आणि आठवड्याभरात ते सोडून देण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

एप्रिल २००९ च्या आरंभी आनंदपुरम येथे संघटनेने उरलेसुरले निवडक लढवय्ये एकत्र करून मोठा प्रतिहल्ला करण्याची तयारी चालवली. लष्कराने त्या जमावालाच वेढले. तीपन, विदुषा, दुर्गा यांसारखे ज्येष्ठ सेनानी तेथेच मारले गेले. बलाढ्य शत्रूसमोर आपले सारे बळ एका जागी आणायचे नाही, हा गनिमी युद्धाचा पहिला नियम मोडल्याची ही किंमत होती.

जंगलात का परतता आले नाही?

१९८७ आणि १९९५ मध्ये प्रभाकरनने जाफना सोडून संघटना वाचवली होती. मग २००८ मध्ये त्याने किलिनोच्ची वेळीच सोडून आपली माणसे का पांगवली नाहीत, हा प्रश्न अभ्यासकांना पडत आला आहे. याचे एक उत्तर असे की, परतण्यासाठी जंगलच उरले नव्हते. पूर्व भाग जुलै २००७ मध्ये लष्कराने घेतला होता आणि वन्नीच्या रानात आता लष्कराच्या छोट्या तुकड्या मुक्कामाला होत्या. जुने अनुभवी लढवय्ये बरेचसे गळाले होते. त्यांच्या जागी सक्तीने भरती केलेली मुले-मुली होती. अशी माणसे बांधामागे उभी करता येतात, पण पाच-पाच जणांच्या टोळ्यांत जंगलात पाठवली तर ती घरी पळून जातात. गनिमी युद्धाला स्वेच्छेने लढणारा माणूस लागतो. ज्या जनतेतून तो येतो, तिच्यावरच सक्ती सुरू झाली की पाया ढासळतो.

दुसरे उत्तर राजकीय आहे. बाहेरचे कोणीतरी मध्ये पडेल आणि पूर्वीप्रमाणे युद्धबंदी होईल, ही आशा संघटनेने शेवटपर्यंत सोडली नाही. त्यासाठी वेळ हवा होता आणि वेळ विकत घेण्याचे साधन म्हणून लाखो सामान्य तमिळ नागरिकांना माघार घेणाऱ्या सैन्यासोबत नेण्यात आले. निसटू पाहणाऱ्यांवर 'लिट्टे'ने गोळ्या झाडल्या. दुसरीकडे, सरकारने स्वतः जाहीर केलेल्या सुरक्षित पट्ट्यांतही तोफगोळे कोसळत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये म्हटले की, अखेरच्या टप्प्यात चाळीस हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. श्रीलंका सरकारने हा आकडा अमान्य केला. नंदिकडल सरोवराच्या काठी मे २००९ मध्ये युद्ध संपले, तेव्हा वाचलेल्या सुमारे पावणेतीन-तीन लाख लोकांची रवानगी काटेरी कुंपणाआडच्या छावण्यांत झाली.

या शेवटाकडे पाहून 'गनिमी युद्धाचे दिवस संपले' असा निष्कर्ष त्या वेळी अनेकांनी काढला. तो घाईचा होता. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेले. वीस वर्षांपूर्वी शहरे सोडून देणारी आणि पाकिस्तानच्या सीमेपलीकडे आसरा टिकवून असणारी ही संघटना अमेरिकेच्या माघारीपर्यंत तग धरून राहिली. जे प्रभाकरनजवळ २००८ मध्ये उरले नव्हते, ते तिच्याजवळ होते : मागे हटायला जागा आणि वाट पाहायला वेळ.

एलिफंट पासचा हिशेब म्हणूनच सोपा आहे आणि कठोरही. गनिमी युद्ध दुर्बलाला पराभवापासून वाचवते, बलवानाला थकवते आणि क्वचित त्याला घरी पाठवते. पण मुलूख राखण्याचे काम ते करू शकत नाही. मुलूख राखायचा तर नियमित सैन्य, अखंड रसद, मित्रदेश आणि राजी असलेली प्रजा लागते. १९९१ मध्ये 'लिट्टे'ने हे विसरून मार खाल्ला, २००० मध्ये शत्रूला त्याच्याच ओझ्याखाली दाबले आणि २००९ मध्ये ते ओझे तिच्या स्वतःच्या खांद्यावर होते. २००२ च्या युद्धबंदीनंतर वाटाघाटींच्या मेजावर संघराज्याच्या चौकटीतील तोडग्याची चर्चा झाली होती. रणांगणावर मिळवलेले बळ राजकीय कराराच्या रूपाने पक्के करण्याची ती वेळ होती. ती दोन्ही बाजूंनी दवडली, आणि तिची किंमत नंदिकडलच्या वाळूवर अडकलेल्या माणसांनी मोजली.